शेरा आणि काम

शोधप्रबंधाचं प्रकरण मार्गदर्शकांकडून तपासून येतं, तेव्हा त्या पीडीएफवर पिवळे पट्टे, टिपांच्या चौकटी आणि मधूनच एखादी खोडलेली ओळ असते. बहुतेक विद्यार्थी पहिल्या पानापासून सुरुवात करतात आणि दिसेल ती टीप निस्तरत पुढे जातात. शेवटच्या पानावर पोचेपर्यंत काय केलं, काय राहिलं आणि कुठली गोष्ट सरांना विचारायची ठरवली होती, हे सांगता येत नाही. म्हणून मजकुराला हात लावण्याआधी सगळे शेरे एका साध्या यादीत उतरवून घ्यावेत, असा माझा आग्रह असतो. या यादीत तपासणाऱ्याने काय म्हटलं आणि आपण काय करणार, या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या पाहिजेत. त्या एकमेकींत मिसळल्या, की यादी असूनही प्रकरण बिघडतं.

शेरे बाहेर काढण्याचं काम यंत्राचं आहे. पीडीएफमध्ये टिपा पानाच्या मजकुरात मिसळलेल्या नसतात. प्रत्येक पानाला त्यांची स्वतंत्र नोंद जोडलेली असते. प्रकार, लिहिणाऱ्याचं नाव, टिपेतला मजकूर आणि पानावरची जागा एवढं त्या नोंदीत सापडतं. अ‍ॅक्रोबॅटमध्ये टिपांचा गोषवारा काढण्याची सोय आहेच. पायथन वापरणाऱ्याला PyMuPDF ही लायब्ररी घेऊन एवढ्या ओळी पुरतात:

```python
import pymupdf
doc = pymupdf.open("prakaran3.pdf")
for page in doc:
    for a in sorted(page.annots(), key=lambda a: a.rect.y0):
        print(page.number + 1, a.type[1],
              a.info["title"], a.info["content"], sep=" | ")
```

इथे `title` म्हणजे टीप लिहिणाऱ्याचं नाव. `sorted` मुद्दाम घातलं आहे, कारण फाइलमधला टिपांचा क्रम पानावरच्या क्रमाशी जुळेलच असं नाही. तपासणारा खालची टीप आधी लिहून नंतर वर आलेला असू शकतो. पानाचा आकडाही जपून घ्यावा. हा आकडा फाइलच्या पहिल्या पानापासून मोजलेला असतो. प्रकरण छापील पान ६१ पासून सुरू होत असेल, तर फाइलमधलं चौदावं पान म्हणजे छापील ७४. यादीत कुठलातरी एकच आकडा शेवटपर्यंत वापरावा.

या ओळी चालवल्यावर पहिला धक्का बसतो तो हायलाइटचा. ज्या पट्ट्याला टीप जोडलेली नाही, त्याच्यापुढे जागा रिकामी दिसते. हायलाइटच्या नोंदीत रंगवलेले शब्द असतीलच असं नाही. हमखास असतात ते पट्ट्याच्या कोपऱ्यांचे निर्देशांक. शब्द हवे असतील तर त्या कोपऱ्यांच्या आत पानावर काय छापलंय, ते वेगळं शोधावं लागतं. इंग्रजी मजकुरात हे बहुधा जमतं, मराठीत मात्र अडतं. पानावर अक्षरांच्या आकृत्या मांडलेल्या असतात आणि कुठली आकृती म्हणजे कुठलं अक्षर, याचा तक्ता फाइलमध्ये वेगळा असतो. जोडाक्षरांसाठी तो तक्ता अपुरा असला, की ‘पद्धत’मधला ‘द्ध’ गळून पडतो. ऱ्हस्व इकार पानावर व्यंजनाच्या आधी काढलेला असल्यामुळे तो चुकीच्या अक्षराला चिकटून येतो. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेलं प्रकरण असेल, तर रोमन चिन्हांचा नुसता गोळा हाती लागतो.

गंमत अशी, की टिपेत युनिकोडमध्ये टाइप केलेलं मराठी मात्र नीट येतं, कारण ते आकृती म्हणून नव्हे, मजकूर म्हणूनच साठवलेलं असतं. म्हणून मराठी प्रबंधापुरता माझा नियम सरळ आहे. टिपा यंत्राने काढाव्यात आणि रंगवलेले चार-सहा शब्द मूळ वर्ड फाइलमधून स्वतः उचलून यादीत टाकावेत. ते शब्द लागतातच, कारण पहिल्या दुरुस्तीनंतर पानांचे आकडे सरकतात, पण शब्द शोधले की जागा सापडते.

इथून पुढचं काम वाचणाऱ्याचं. कोकणातल्या खोती पद्धतीवरचं प्रकरण घेऊ. विद्यार्थ्याने लिहिलं, ‘खोती १९५० मध्ये रद्द झाली.’ मार्गदर्शकांनी ‘१९५०’वर पट्टा ओढून एवढंच लिहिलं: ‘१९४९?’ घाईत असलेला विद्यार्थी यादीत ‘१९५० ऐवजी १९४९ करणे’ असं लिहितो आणि तसं करूनही टाकतो. पण तिथे प्रश्नचिन्ह होतं. मुंबई खोती निर्मूलन कायद्याच्या नावात १९४९ हे साल आहे, पण अधिनियम म्हणून त्याचा क्रमांक १९५० सालचा सहावा आहे. दोन्ही आकड्यांना आधार आहे. चूक असलीच तर वाक्याच्या मोघमपणात आहे. तेव्हा नोंद अशी व्हायला हवी:

```text
[ ] पान ७४ | "खोती १९५० मध्ये रद्द" | शेरा: १९४९?
    काम: कायद्याचं पूर्ण नाव आणि अधिनियम क्रमांक
    देऊन वाक्य नव्याने लिहिणे
```

शेरा जसाच्या तसा, प्रश्नचिन्हासकट. काम त्याच्या खाली, आपल्या शब्दांत. कामाची ओळ उद्या बदलू शकते. शेऱ्याची ओळ कधीच बदलायची नाही.

सगळेच शेरे एकास एक उतरत नाहीत. कुठेतरी ‘रैयतवारी’वर टीप असते: ‘एकच लेखन ठेवा, सगळीकडे.’ शेरा एका पानावरचा, काम सबंध प्रबंधाचं. त्या पानावरचा एक शब्द सुधारून त्यापुढे खूण केली, तर यादीच फसवते. याउलट, एका टिपेखाली कोणीतरी उत्तर दिलेलं असतं: ‘राहू द्या, मागच्या प्रकरणात आलंय.’ वरच्या ओळींतून ते उत्तर स्वतंत्र टीप म्हणून बाहेर पडतं आणि आधीचा शेरा अजून जिवंत असल्यासारखा दिसतो. असे दोन शेरे एका नोंदीखाली आणून शेवटचा शब्द कोणाचा, ते पाहावं लागतं. टीप नसलेल्या पिवळ्या पट्ट्याचं काय करायचं? परिच्छेद आवडला म्हणून रंगवला, की शंका आली म्हणून, हे पट्टा सांगत नाही. त्याच्यापुढे ‘काम: विचारणे’ एवढंच लिहावं. तर्काने काम बनवलं, तर चांगला परिच्छेद कापला जाण्याची भीती असते.

यादी पुरी झाली का, हे मोजून ठरवावं. अ‍ॅक्रोबॅटच्या टिपांच्या पट्टीत जेवढ्या नोंदी दिसतात, तेवढ्या यादीत आल्या पाहिजेत. उत्तरं जोडून घेतली असतील तर त्यांचा हिशेब वेगळा धरावा. पानावर पट्टे दिसतात, पण एकही टीप बाहेर येत नाही, असं झालं तर तपासलेली फाइल बहुधा पुन्हा ‘प्रिंट’ करून पीडीएफ केलेली असते. त्यात टिपा पानाच्या चित्राचाच भाग होऊन जातात. अशा वेळी मूळ तपासलेली फाइल मागवणं हाच नेमका उपाय. टॅबवर पेनने लिहिलेल्या शेऱ्यांची नोंद सापडते, पण तिच्यात नुसत्या रेघा असतात. ते वाचून हातानेच उतरवावे लागतात.

दुरुस्त केलेल्या प्रकरणाबरोबर ही यादीही मार्गदर्शकांकडे जावी. झालेल्या कामांपुढे खूण असेल. जे काम केलं नाही, त्यापुढे खूण न करता कारण लिहिलेलं असेल: मूळ साधनात हेच साल आहे, किंवा हा तपशील पाचव्या प्रकरणात नेला आहे. विद्यार्थ्याचा खरा अभ्यास दिसतो तो या कारणांत. शेरा मूळ शब्दांत शेजारीच असल्यामुळे मार्गदर्शकांना ते कारण पटतं की नाही, हे तिथल्या तिथे ठरवता येतं आणि मतभेद उरलाच तर तो नेमका कुठल्या वाक्याबद्दल आहे, हे दोघांनाही ठाऊक असतं.