सहकाऱ्यासाठी मौन

सहकाऱ्यावर निष्ठा ठेवणे हा सद्गुण खरा. परंतु तिचे ऋण असत्याने फेडावे काय? नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीच्या पोलीस कोठडीतील एक तरुण मारहाणीत मरण पावला. आरोपी पळून गेला, असे प्रथम सांगण्यात आले. प्रेत आंबोली घाटात जाळल्याचे पुढे तपासात उघड झाले.

कोठडीत बाहेरचा साक्षीदार क्वचितच असतो, आणि बंधुभावाने पोलीस एकमेकांविरुद्ध बोलत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली मध्य प्रदेशातील अशाच एका मृत्यूच्या निकालात नमूद केले होते. बोलणाऱ्या शिपायास बदलीचे, बहिष्काराचे भय असते, हे मान्य. तथापि मारणारा हात एकाचा असला तरी पलायनाची खोटी कथा अनेकांच्या मौनावाचून टिकत नाही. सांगलीत त्या रात्री ठाण्याच्या दैनंदिनीत एखाद्याने खरे तेवढेच लिहिले असते, तर प्रेत बहुधा आंबोलीस पोहोचलेच नसते.