दोन मोकळ्या जागांमधला शब्द

'घरासमोरच्या' हे मराठीत एक पद आहे. तोच आशय हिंदीत 'घर के सामने के' असा चार पदांत लिहिला जातो. दोहोंतील व्याकरणाचा क्रम जवळजवळ एकच आहे: आधी नाम, मग ते विकारास सिद्ध झाल्याची खूण, मग स्थलवाचक अव्यय आणि शेवटी संबंध दाखविणारा प्रत्यय. मराठी ज्या ठिकाणी सामान्यरूपाचा आकार ठेवते त्या ठिकाणी हिंदी 'के' ठेवते, एवढेच. परंतु संगणकाला मजकूर वाचावयास दिला की त्याचे पहिले काम तो तोडण्याचे असते. या तोडण्याला हल्ली टोकनीकरण म्हणतात, आणि तोडण्याची सर्वांत सोपी, म्हणूनच सर्वांत रूढ रीत म्हणजे जेथे मोकळी जागा दिसेल तेथे तोडणे. या रीतीने हिंदीची चार एकके होतात आणि मराठीचे एक. मग कोणी दोन्ही भाषांतील समान लांबीचे उतारे घेऊन निरनिराळ्या शब्दांचे एकूण शब्दांशी प्रमाण काढले, तर मराठीचा शब्दसंग्रह हिंदीहून कितीतरी समृद्ध असल्याचा निष्कर्ष हाती येतो, आणि तो मराठी माणसास सुखावणारा असल्यामुळे त्याची सहसा फेरतपासणी होत नाही. वस्तुतः येथे मोजली गेली ती लेखनाची वहिवाट. हिंदीतही 'राम ने' तोडून लिहितात आणि 'उसने' जोडून. म्हणजे नामाला लागलेला 'ने' स्वतंत्र शब्द, आणि सर्वनामाला लागलेला तोच 'ने' शब्दाचा तुकडा, असा विचित्र न्याय या मोजणीत होतो.

ही वहिवाट फार जुनी आहे असेही नाही. पेशवे दप्तरातील मोडी कागद ज्याने चाळले असतील त्याला ठाऊक आहे की तेथे ओळ सलग चालते. शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने भाषेच्या ज्ञानावरून ठरवावयाचे असते. मोकळ्या जागेने शब्द वेगळा दाखविण्याची शिस्त आपल्याकडे मुख्यतः छापखान्यांनी घालून दिली, आणि विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहावीत हा नियम व्याकरणकारांनी दृढ केला. तो नियम वाचकाच्या सोयीचा आहे, आणि त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती वाचनाच्या सोयीसाठी पडलेल्या या मोकळ्या जागेला भाषेच्या घटकाची सीमा मानण्याला.

अशा मोजणीत प्रत्यक्ष काय बिघडते ते पाहण्यासाठी 'घर' या एका नामाचा हिशेब मांडून पाहावा. एकवचनी सामान्यरूप 'घरा' आणि अनेकवचनी 'घरां', ही दोन. प्रत्येकाला 'ला', 'ने', 'त', 'तून', 'पासून', 'जवळ', 'समोर' अशा प्रत्यय-अव्ययांपैकी वीसच लागतात असे धरू. शिवाय 'चा', 'ची', 'चे', 'च्या' ही चार. विसांपैकी पंधरांना पुन्हा हीच चार रूपे लागू शकतात असे धरले तर साठ आणखी. एकूण चौऱ्यांशी. प्रत्येकाच्या शेवटी काही नाही, 'च' किंवा 'ही', अशा तीन शक्यता. दोन गुणिले चौऱ्यांशी गुणिले तीन, म्हणजे ५०४ लेखी रूपे, आणि यात 'घरासमोरच्यांना' यासारखी रूपे धरलेली नाहीत. मोकळ्या जागेवर तोडणाऱ्या यंत्राला ही पाचशे चार रूपे परस्परांशी तितकीच अनोळखी, जितकी 'घर' आणि 'समुद्र'.

परिणाम असा होतो की शब्दांच्या वारंवारतेची यादी काढली असता वरच्या जागा 'आणि', 'आहे', 'हे', 'पण' अशा शब्दांनी अडविलेल्या असतात. लेख सबंध नदीविषयी असला तरी 'नदीला', 'नदीवरचा', 'नद्यांच्या', 'नदीकाठच्या' अशी विखुरलेली नदी यादीच्या तळाशी एकेकदा येऊन गेलेली दिसते. 'समोर' आणि 'पासून' यांसारखी अव्यये तर यादीत दिसतच नाहीत, किंवा क्वचित सुटी आली तेवढीच दिसतात. मग मराठीत स्थलवाचक अव्ययांचा वापर विरळ आहे असे विधान करावयास कोणी मोकळाच. हा दोष ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. पहिल्या मजकुरातील सर्व रूपांची नोंद करून ठेवावी, नंतर त्याच विषयावरील नवा मजकूर घ्यावा आणि त्यात पूर्वी न आढळलेली रूपे वेगळी काढून हातांनी चाळावी. त्यातील बहुतेक रूपे जुन्याच नामांनी नवा प्रत्यय घेतल्यामुळे झालेली निघाली, तर अधिक मजकूर गोळा करून काही साधणार नाही. एककच चुकले आहे असे समजावे.

तोडणे अटळ आहे हे एकदा मान्य केले की दुसऱ्या टोकाचा उतावळेपणा सुरू होतो. त्याचा एक मासला तर व्याकरणाच्या उंबरठ्याबाहेरच भेटतो. पायथॉन या संगणकभाषेत शब्द वेचण्यासाठी सर्रास वापरली जाणारी ही आज्ञा पाहा:

```
re.findall(r"\w+", "घरासमोरच्या")
['घर', 'सम', 'रच', 'य']
```

येथे काना, मात्रा आणि हलन्तचिन्ह यांना अक्षरांत गणलेलेच नाही, म्हणून पद त्या त्या ठिकाणी तुटले. त्यातून निघालेले 'घर' आणि 'सम' हे योगायोगाने खरे मराठी शब्द असल्यामुळे हा अपघात लवकर ध्यानातही येत नाही. अशी यादी मोठी असली की ती विद्वत्तापूर्ण दिसते.

व्याकरण जाणून तोडणाराही फसतो. पदाच्या शेवटी 'वर' दिसला की तो काढावा असा नियम केला, तर 'सरोवर' मोडून 'सरो' उरतो. 'ने' काढावा तर 'सोने' जाते. 'ही' काढावा तर 'दही' जाते. यावर उपाय म्हणून उरलेला भाग कोशात आहे की नाही ते पाहावे, असे सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण खरी अडचण पुढे आहे. मोकळे रान या अर्थी 'माळ' पुल्लिंगी, त्याचे 'माळावर'. फुलांची 'माळ' स्त्रीलिंगी, तिचे 'माळेवर'. घराचा 'माळा' पुल्लिंगी, त्याचे 'माळ्यावर'. तिन्हींत 'वर' काढणे सोपे आहे. पण त्यापुढे उरलेला स्वरही सामान्यरूपाचा म्हणून फेकून दिला, की रान, हार आणि पोटमाळा एकाच 'माळ'मध्ये कोसळतात. ज्याला शेष समजून टाकून दिले त्या स्वरातच लिंग आणि मूळ नाम यांची खूण होती. उलट ती खूण जपली तरी सर्व प्रश्न मिटत नाहीत: 'माळ्याला' हे रूप 'माळा'चेही आहे आणि बागेतल्या 'माळी'चेही, आणि कोणाचे ते वाक्य वाचल्यावाचून सांगता येत नाही.

या अडचणीला आपल्या परंपरेत फार जुना दाखला आहे. ऋग्वेदाच्या संहितेची पदे वेगळी करून दाखविणारा शाकल्याचा पदपाठ हा, माझ्या मते, अशा कामाचा आजही अभ्यासावा असा नमुना होय. पहिल्याच सूक्तातील दुसऱ्या ऋचेत शेजारी शेजारी आलेल्या दोन तृतीयान्त पदांपैकी 'ऋषिभिः' हे त्याने 'ऋषि' आणि 'भिः' असे अवग्रहाने विलग केले, आणि 'पूर्वेभिः' मात्र अखंड ठेवले. प्रत्यय तोच, पण एकीकडे प्रकृती जशीच्या तशी उभी आहे, आणि दुसरीकडे 'पूर्व'चे 'पूर्वे' झाले आहे, तेव्हा तेथे तोडले तर मागे मूळ प्रकृती नसलेला असा एक तुकडा उरतो. पदकाराची प्रत्येक तोड सर्वमान्य झाली असे नव्हे; यास्काने एका ठिकाणी शाकल्याशी उघड मतभेद नोंदविला आहे, आणि पतंजलीने तर व्याकरणाने पदकारांच्या मागे न जाता पदकारांनी व्याकरणाच्या मागे यावे असे बजावले आहे.

आजचे प्रचलित तोडकाम व्याकरणाच्या मागे जात नाही. फिलिप गेज याने १९९४ साली माहिती कमी जागेत बसविण्यासाठी एक युक्ती प्रसिद्ध केली: मजकुरात शेजारी शेजारी सर्वाधिक वेळा येणारी जोडी घ्या, तिला एक चिन्ह द्या, आणि हेच पुनःपुन्हा करा. सेनरिच, हॅडो आणि बर्च यांनी ती २०१६ साली यांत्रिक भाषांतरासाठी शब्दांचे तुकडे पाडण्यास लावली, आणि तेव्हापासून ती सर्वत्र रुळली. तिचे सामर्थ्य खरे आहे. 'घरात', 'घराला', 'घरापासून' पुष्कळदा आले की 'घरा' हा तुकडा ती आपोआप शोधते, आणि अपरिचित पदापुढे ती कधीच हात टेकत नाही. मात्र तिला ठाऊक असते ते अक्षरांचे सान्निध्य. 'पाऊस' आणि 'पावसात' यांत सामाईक आरंभ 'पा' एवढाच आहे. सान्निध्याच्या हिशेबाने हे दोन शब्द परस्परांचे कोणीच लागत नाहीत. हेल्सिंकी येथे क्रॉइट्झ आणि लागुस यांनी २००२ पासून फिनिश भाषेसाठी घडविलेली मॉर्फेसर ही पद्धत अधिक विचारी आहे. तुकड्यांचा कोश आणि त्या तुकड्यांत मांडलेला मजकूर या दोहोंचा मिळून खर्च किमान व्हावा, असा जमाखर्च ती मांडते. पण तीही मुळात सलग ओळ कापणारीच पद्धत आहे. कापल्यानंतर 'दुध' आणि 'दूध' एकच आहेत हे तिला कोणी सांगावयाचे?

ते सांगण्याची व्यवस्था किम्मो कोस्केन्निएमी याने फिनिशसाठीच १९८३ साली केली होती. फिनिशमध्ये 'तालो' म्हणजे घर, 'तालोस्सा' घरात, 'तालोस्सानि' माझ्या घरात, 'तालोस्सानिकिन' माझ्या घरातही; तेव्हा त्याच्यापुढचा पेच मराठी वाचकास परका वाटू नये. त्याने एकाखाली एक दोन पातळ्या कल्पिल्या: एकीवर कोशातील मूळ घटक, दुसरीवर प्रत्यक्ष लेखी रूप, आणि मध्ये कोणते अक्षर कोणत्या परिस्थितीत कोणाच्या समोर येऊ शकते याचे नियम. मराठीत वरच्या पातळीवर 'दूध', सामान्यरूपाचा आकार आणि 'ला' असतील, खालच्या पातळीवर 'दुधाला'. मधला नियम असा की सामान्यरूपात उपान्त्य दीर्घ ईकार-ऊकार ऱ्हस्व होतात. हा नियम आपल्या शुद्धलेखनातच आहे, परंतु तो तत्सम शब्दांना लागू नाही: 'दूध'चे 'दुधात', पण 'गीत'चे 'गीतात'. म्हणजे रूप तोडण्यासाठी शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे की नाही, ही व्युत्पत्तीची माहितीही कोशात नोंदविलेली हवी. असा कोश कोणाला तरी बसून करावा लागतो, आणि सांख्यिकी पद्धतींची लोकप्रियता बऱ्याच अंशी हे श्रम टाळण्याच्या इच्छेतून आली आहे असे मला वाटते. भाषांतराच्या यंत्राला कदाचित त्यावाचून चालेल. कोशकाराला, शैलीचा अभ्यास करणाराला, एखाद्या शब्दाचा शंभर वर्षांतील वापर शोधणाराला चालणार नाही.

अशा अभ्यासकाने मजकुरातील प्रत्येक पदासमोर तीन रकाने ठेवावेत: पहिल्यात जसे लिहिले तसे रूप, दुसऱ्यात प्रकृती, सामान्यरूप आणि प्रत्यय यांची तोड, तिसऱ्यात कोशातील मूळ शब्द. शुद्धलेखनाचा प्रश्न असेल तर पहिला रकाना मोजावा, अव्ययांचा असेल तर दुसरा, शब्दसंग्रहाचा असेल तर तिसरा. आणि कोणता मोजला ते निष्कर्षाबरोबर लिहावे. 'माळ्याला'सारख्या पदापुढे वाक्यावरूनही उलगडा झाला नाही, तर तिसऱ्या रकान्यात 'माळा' आणि 'माळी' हे दोन्ही शब्द लिहून ठेवावेत, आणि एकूण संख्येत असे संशयित किती ते निराळे दाखवावे.