‘पूर्ण जैन ना?’

घाटकोपर पूर्वेला रविवारी रात्री नऊच्या सुमारास कुठल्याही मध्यम दर्जाच्या शाकाहारी हॉटेलात बसलात, तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो. ‘जैन मिळेल ना? पूर्ण जैन?’ उत्तर ठरलेलं असतं. ‘हो बेन, एकदम वेगळं बनतं.’ हे सांगणारा कॅप्टन संध्याकाळी सातपासून आत गेलेलाच नसतो. दाराबाहेर नंबर लावून उभी असलेली मंडळी, रिकामी होत आलेली टेबलं आणि गल्ल्यावरच्या शेटची नजर, एवढंच त्याचं जग. तरीही तो छातीठोक हमी देतो आणि ती दिल्यावाचून त्याला गत्यंतरही नसतं. तो खोटं बोलतो असं मला म्हणायचं नाही. जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द तो सगळ्यांच्या वतीने देतो, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने या प्रकाराला नाटकाची परिभाषा दिली. 1949 ते 1951 या काळात तो स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड द्वीपसमूहातल्या उन्स्ट बेटावर राहिला होता. तिथल्या एका छोट्या हॉटेलात त्याने जे पाहिलं, ते पुढे त्याच्या गाजलेल्या पुस्तकात आलं. पुस्तक आधी 1956 साली एडिंबरोहून निघालं आणि 1959 साली वाढवलेल्या आवृत्तीने सर्वत्र पोचलं. त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात ओले मोजे किटलीच्या वाफेवर वाळत. जेवणघरातून अर्धवट वापरलेले लोण्याचे गोळे परत आले की त्यांना नवा आकार देऊन ते पुन्हा बाहेर पाठवले जात. मधल्या दारावरून तर कायमची कुरबुर होती. ताटं ने-आण करणाऱ्या मुलींना ते उघडं हवं, कारण पाहुणे कुठवर आले ते दिसतं. मालकांना ते बंद हवं, कारण आतलं पाहुण्यांना दिसतं.

यावरून आपण सोयीस्कर निष्कर्ष काढतो, की बाहेर मुखवटा आणि आत खरा चेहरा. गॉफमनचं म्हणणं इतकं बाळबोध नव्हतं. आत गेल्यावरही माणूस कुणासमोर तरी उभा असतोच, फक्त प्रेक्षक बदलतात. शिवाय प्रयोग एकट्याचा नसतो, कंपूचा असतो, आणि कंपूतल्या कुणाही एकाच्या हातून तो फसू शकतो. जैन ऑर्डरमध्ये हे लख्ख दिसतं.

आता त्या ऑर्डरच्या मागोमाग आत जाऊ. मेनूकार्डावर पदार्थ दीडशे-दोनशे असले, तरी पंजाबी भाज्यांसाठी सकाळी शिजते ती तीन-चार ग्रेव्ह्यांची पातेली. कांदा-टोमॅटोची, काजू-मगजची पांढरी, टोमॅटोची मखनी. त्यांच्या मिश्रणातून पनीर लबाबदार निघतं, आणि वरून लाल तिखटाचा मारा केला की व्हेज कोल्हापुरीही निघतं. (कोल्हापूरच्या माणसाने ते ओळखू नये, हेच बरं.) जैन ग्रेव्ही वेगळी करावी लागते: टोमॅटो, काजू, मगज, कांदा-लसूण नाही, आणि काटेकोर पाळणाऱ्यांसाठी ओलं आलंही नाही, फार तर सुंठ. जैन पावभाजीत बटाट्याच्या जागी उकडलेलं कच्चं केळं. मोठ्या तव्यावरची भाजी संध्याकाळपासून घोटली जात असते आणि तिच्यात बटाटा, कांदा, लसणाची लाल चटणी सगळं एकजीव झालेलं असतं, म्हणून जैन भाजी बाजूला, वेगळ्या पॅनमध्ये करायची.

आठ वाजेपर्यंत हे सगळं नेमाने चालतं. साडेनऊला केळ्यांचं पातेलं रिकामं होतं. नवी केळी कुकरला लावायची तर एक शेगडी अडते आणि पाऊण तास गेला तरी टेबल सुटत नाही. मास्टरपुढे तीनच वाटा असतात. बाहेर सांगायचं, की जैन संपलं. केळी उकडत ठेवायची आणि बाकीची टेबलं तुंबू द्यायची. किंवा नुसत्या मटार, सिमला मिरची आणि टोमॅटोवर भाजी उतरवायची आणि वर बटर जरा सैल हाताने सोडायचं. तिसरी वाट व्रताला धक्का लावत नाही, फक्त भाजी पातळ होते. जिभेला सवय असेल तर कळतं, कारण केळ्याने येणारा किंचित चिकट घट्टपणा तिच्यात नसतो. व्रत मोडतं ते अशा जाणूनबुजून केलेल्या तडजोडीत क्वचितच. ते मोडतं कालथ्यात. एकच हात दोन पॅनवर फिरत असतो, मोठ्या तव्यातला कालथा छोट्या पॅनमध्ये जातो आणि तो गेला हे कुणाच्याच लक्षात येत नाही. लाल चटणीचा चमचाही तसाच. बाहेर दिलेला शब्द इथे मोडतो, आणि तो मोडल्याचं ज्याने दिला त्याला कधी कळतच नाही. म्हणून तो पुढच्या टेबलावर तितक्याच प्रामाणिक चेहऱ्याने तेच बोलू शकतो. चांगल्या अभिनयाला अज्ञानाची मदत होते, हे नाटकवाल्यांना पटायचं नाही, पण हॉटेलात तसंच आहे.

मग ‘जैन संपलं’ हे साधं वाक्य बाहेर का येत नाही? इथे आतल्या माणसांचे आपसातले मान-अपमान येतात. विल्यम फूट व्हाइट या अमेरिकी अभ्यासकाने 1940च्या दशकात शिकागोतल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला. वाढणाऱ्या मुलींनी तोंडी ऑर्डर सोडली की पुरुष आचारी बिथरत. आपल्यापेक्षा खालच्या समजल्या जाणाऱ्या बाईकडून हुकूम घेणं त्यांना झोंबे. त्यावर जो उपाय निघाला तो म्हणजे खिडकीवर उभा केलेला एक खिळा. मुलीने चिठ्ठी त्यात टोचायची, आचाऱ्याने सवडीने काढायची. हुकूम कागदाचा झाला आणि माणसाचा अहं वाचला.

आपल्याकडे ऑर्डरच्या चिठ्ठीने, केओटीने, तेच काम केलं. पूर्वी वेटर खिडकीशी जाऊन ‘दोन सादा, एक मसाला, एक जैन’ असं ओरडत असे आणि आतून मास्टर दोन शिव्या हासडून ‘जैन दहा मिनटं लागेल’ असं त्याच आवाजात परत फेकत असे. त्या भांडणात माहितीची देवाणघेवाण होती. आता टॅबलेटवर बोट लागतं आणि आतल्या छोट्या प्रिंटरमधून चिठ्ठी सरकते. तिच्यावर ‘JAIN’ छापलेलं असतं, पण चिठ्ठी उलट उत्तर देत नाही. आतून बाहेर निरोप जायचा तर कुणीतरी मुद्दाम उठून जायला हवं, आणि गर्दीत तो ‘कुणीतरी’ नसतो. शांतता वाढली तशी हमी पोकळ झाली, असं माझं मत आहे.

भाषेचाही वाटा यात आहे. उडुपी हॉटेलांच्या भराच्या दिवसांत गल्ल्यापासून मोरीपर्यंत बहुतेक माणसं दक्षिण कन्नडमधली असत. गिऱ्हाईकासमोर मोडकी हिंदी-मराठी बोलायची, आणि तिथल्या तिथे तुळू किंवा कन्नडमध्ये एका शब्दात ‘हे संपलं, दुसरं सुचव’ असं सांगून मोकळं व्हायचं. टेबलावरच्या माणसाला पत्ता लागत नसे. आता अंधेरी काय नि मुलुंड काय, कॅप्टन एका मुलखाचा, तंदूरवाला दुसऱ्या, चायनीजवर नेपाळचा मुलगा, भांड्यांवर ओडिशा किंवा बंगालचा. सगळ्यांना समजणारी भाषा हिंदी, आणि ती गिऱ्हाईकालाही समजते. त्याच्या देखत कुजबुजायची सोयच उरली नाही.

गिऱ्हाईकाचा संशय वाढला तसा एक तोडगा लोकप्रिय झाला: स्वयंपाकघराला काच लावा. काच लागली की आतला मास्टर टोपी घालतो, हातमोजे चढवतो. डोशाच्या तव्यावर पाणी शिंपडून तो पुसायला हिरांचा छोटा झाडू वापरायची जुनी रीत आहे. हा झाडू फक्त तव्याचा असतो, पण काचेपलीकडून तो नुसता झाडू दिसतो, म्हणून तिथे फडकं किंवा अर्धा कापलेला कांदा येतो. रोजच्या रोज उकळत्या पाण्यातून काढलेल्या झाडूपेक्षा दिवसभराचं ओलं फडकं अधिक स्वच्छ असतंच असं नाही. बदललं ते दृश्य. आणि ज्याला काचेसमोर आणता येत नाही ती मोरी, ते खरकट्याचे टब, कांदा सोलणारी पोरं, हे सगळं आणखी मागे, बोळाच्या बाजूला सरकतं. उघड केलेली जागा रंगमंच होते आणि विंग तिच्यामागे नव्याने तयार होते, हे गॉफमनच्या मांडणीतून सरळच निघतं.

त्याच्या मांडणीला उपनगरातलं हॉटेल जिथे अडवतं, ती जागा मात्र वेगळी आहे. गॉफमनच्या हॉटेलातल्या मुली त्याच बेटावरच्या होत्या. त्यांची घरं, त्यांची माणसं जवळच होती. आपल्याकडे कित्येक कामगार हॉटेलातच राहतात. दुपारी साडेतीननंतर शटर अर्धं खाली येतं, टेबलं जोडली जातात, फडकेवाला पोरगा त्यांच्यावर आडवा होतो. कुणी पोटमाळ्यावर, पीठ-साखरेच्या गोण्यांशेजारी. ज्या टेबलापाशी तासाभरापूर्वी तो मान खाली घालून खरकटं गोळा करत होता, तेच त्याचं अंथरूण. फडकं मारताना त्याच्यासमोर लोक घटस्फोटापासून लाचेपर्यंत सगळं बोलतात, कारण तो तिथे आहे असं कुणी धरतच नाही. गॉफमनने अशा माणसाची नोंद केली आहे: हजर, तरी नसल्यासारखा. पण या मुलाला आत गेल्यावरही मोकळं होता येत नाही. तिथे मास्टर आहे, मास्टरच्या वर मॅनेजर आहे, आणि झोपायच्या जागेचा मालक शेटच आहे. कॅप्टनला निदान अर्धा तास मागच्या बोळात विडी ओढत शिव्या घालता येतात. जसजसं खाली यावं तसतशी विंग अरुंद होत जाते.

ही जागा जिवावरही बेतते. अंधेरी पूर्वेच्या साकीनाक्यात, खैरानी रोडवर, 18 डिसेंबर 2017 रोजी पहाटे फरसाणच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले 12 कामगार गेले. ते हॉटेल नव्हतं, पण कामाच्या जागीच झोपण्याची व्यवस्था तीच. त्यामुळे ‘पडद्यामागे’ ही राहत्या माणसाच्या दृष्टीने जागा नसते. ती मुभा असते, आणि ती कुणाला किती मिळावी हे पगार ठरवणाराच ठरवतो.

टिपेवरून हे रोज तपासता येतं. पूर्वी नोट बशीत पडे, वेटर ती डब्यात टाके आणि रात्री वाटणी होई. त्यात आतल्यांना हिस्सा मिळावा की नाही, यावरून भांडणं होत. मास्टर म्हणे, चव माझी. वेटर म्हणे, हसलो मी. आता गिऱ्हाईक बिलाबरोबरच जास्तीचे पन्नास रुपये यूपीआयवर टाकतं आणि ते थेट शेटच्या खात्यात जातात. काही ठिकाणी मॅनेजर वहीत लिहून महिन्याला हिशोब करतो, काही ठिकाणी ‘बघू’ म्हणतो. ज्याने साडेनऊला कालथा बदलायचं लक्षात ठेवलं त्याच्यापर्यंत त्यातलं काही पोचायचं तर आधी ती वही असावी लागते, आणि ती मागायची हिंमत मोरीवरच्या पोरात नसते.