निरोप

‘निरोप’ हा शब्द आपल्या भाषेत दोन अंगांनी नांदतो: जाणारा निरोप घेतो आणि दूरच्या माणसाला निरोप धाडला जातो. जाणे आणि सांगणे यांना पूर्वजांनी एकच नाव ठेवले, म्हणून निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यासाठी फोटोंचा स्लाइड शो रचायला बसलो की मी आधी या शब्दापाशी थांबतो.

आमच्या हिशेबखात्यातल्या ताई ३४ वर्षांनी निवृत्त झाल्या, तेव्हा पहिल्या फोटोखाली एका उत्साही मुलाने ‘जुनी इमारत, पावसाळा’ असे लिहिले होते. पण इमारत दिसतच होती, पाऊसही दिसत होता. दिसते तेच पुन्हा लिहिले तर त्यात निरोप कुठला? विचारपूस केल्यावर कळले, की त्या दिवशी छत गळत होते आणि ताईंनी खतावण्या पदराखाली धरल्या होत्या. मग ओळ झाली, ‘खतावण्या कोरड्या, ताई चिंब’. फोटोत नसलेले, पण त्यावेळी तिथे असलेले, तेवढेच सांगावे, आणि तेही सात-आठ शब्दांत, कारण मागच्या रांगेतल्या चष्म्यांनाही ते वाचायचे असते. (ओळी युनिकोड फाँटमध्येच लिहाव्यात, पूर्वी एकदा जुन्या फाँटमधला मजकूर सभागृहातल्या संगणकावर उघडला आणि सत्कारमूर्तींचे नावच अगम्य चिन्हांत उमटले.)

निरोप घाईने सांगितला तर पोचत नाही. सगळ्या फोटोंना सारखेच सेकंद देण्याची खोड आम्हालाही होती. पण एकट्या चेहऱ्याला सहा सेकंद पुरतात, समूहाच्या फोटोत मात्र प्रत्येक जण आधी स्वतःला शोधतो, मग आता नसलेल्यांना, आणि त्यानंतरच ताईंकडे पाहतो, म्हणून त्याला बारा. २४ एकेरी आणि १२ समूहाचे, असे ३६ फोटो पावणेपाच मिनिटांच्या आसपास बसले. तशी जमलेली गर्दी १२० फोटोंची होती. सहलींचे बहुतेक गाळले, कोणी रुसले तर रुसले.

आणि शेवटची स्लाइड. प्रवासाला निघालेल्याच्या हातावर आपण दही घालतो, ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणतो. निरोपात परतण्याची वाट अशी आधीच मोकळी ठेवलेली असते. म्हणून तिथे ‘धन्यवाद’ही नको आणि मावळता सूर्यही नको. आम्ही ताईंचा स्टीलचा उघडा डबा आणि त्यात शिरलेले पाच हात दाखवले, खाली लिहिले, ‘ताई, डबा घेऊन या’. या एका स्लाइडची आपोआप पुढे सरकण्याची वेळ काढून टाकली, नाहीतर काळा पडदा येऊन शो संपल्याची इंग्रजी सूचना झळकते. गाणे हळूहळू विरले, डबा पडद्यावर तसाच राहिला. ताईंनी चष्मा पुसला, पुन्हा नीट पाहिले आणि म्हणाल्या,

“अरे, झाकण अजून माझ्या खणातच आहे की!”