निरोपाचे दोन शब्द

एखाद्या मुलीच्या दोन-अडीच महिन्यांच्या सहवासानंतरही ज्याच्या मनात अनुराग रुजला नाही, अशा एखाद्या तरुणावर ते लिहून कळवण्याचा प्रसंग येतो, तेव्हा सौजन्याच्या भरात तो बहुधा परिस्थितीचे कारण पुढे करतो: नाशिकला बदलीचा हुकूम आला आहे, कचेरीतील कामाचा व्याप वाढला आहे. हे कारण ऐकण्यास मृदू असले, तरी परिस्थिती पालटणारी असल्यामुळे ‘मग मी थांबते’ असे उत्तर ती मुलगी अगदी प्रामाणिकपणे देऊ शकते, आणि हा बिचारा पुन्हा नव्या सबबीच्या शोधास लागतो. म्हणून निर्णय आरंभीच, आणि स्वतःच्या मनाचा म्हणून सांगावा: ‘तुझ्या सहवासात मला आनंद लाभला, परंतु आयुष्यभर सोबत करावी अशी ओढ माझ्या मनात निर्माण झाली नाही, आणि हे नाते मी येथेच थांबवत आहे.’ तिच्या दोषांची जंत्री देऊ नये. दोष दाखवला की तो सुधारण्याचे वचन येते. ‘आपण मित्र राहू’ हे, मला विचाराल तर, त्या पत्रात नसलेलेच बरे. तिचे एखादे पुस्तक आपल्याकडे राहिले असेल, तर ते टपालाने परत करावे, आणि महिन्याभराने एखाद्या रात्री ‘कशी आहेस?’ असे विचारण्याचा मोह मात्र कटाक्षाने आवरावा.