किलोमागे चाळीस क्रोनर

मँचेस्टरच्या धुराची किंमत काढायची वेळ आली तेव्हा हिशेब मांडला गेला तो धुण्याच्या साबणाचा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्या गिरण्यांच्या शहरातल्या एका मंडळाने मँचेस्टरमधली शंभर कामगारांची घरे घेतली आणि हॅरोगेट या स्वच्छ हवेच्या गावातली तशाच ऐपतीची शंभर. दोन्हीकडे कपडे धुण्यावर काय खर्च होतो ते विचारले. मँचेस्टरच्या घराला आठवड्याला साडेसात पेन्स जास्त पडत होते. दोरीवर वाळत घातलेली चादर काजळी पडून पुन्हा भिजवावी लागे, त्याचे ते पैसे. गिरणीच्या वहीत कापूस, कोळसा, मजुरी सगळे लिहिलेले असे. हे साडेसात पेन्स कुठेच नसत. ते कामगाराच्या बायकोच्या वहीत असत, आणि कापड घेणाऱ्या गिऱ्हाईकाला त्यांचा पत्ताही नसे.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२०च्या आपल्या ग्रंथात हे उदाहरण तळटीपेत घेतले. त्यांचे म्हणणे साधे होते. ज्याच्या कामाचा भुर्दंड तिसऱ्यालाच पडतो, तो ते काम गरजेपेक्षा जास्त करणार, कारण त्याला ते खऱ्या खर्चापेक्षा स्वस्त पडते. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. इथे गिरणीमालकाला दुष्ट ठरवण्याची गरज नाही. एखाद्या मालकाने धूर कमी करायला स्वखर्चाने भट्ट्या बदलल्या, तर त्याचे कापड महाग होईल आणि शेजारचा त्याचे गिऱ्हाईक पळवेल. पिगूंचा उपाय असा की धुराने होणाऱ्या नुकसानीएवढा कर धुरावरच लावा, म्हणजे ते साडेसात पेन्स गिरणीच्या वहीत येतील.

यावर अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९६० साली घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे. दोन्ही बाजू आपापसांत बोलून सौदा करू शकत असतील आणि हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल, तर कराची गरज काय? बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतकऱ्यांत हे जमेल. पण हजारो घरे आणि शेकडो चिमण्या असतील तर सौदा करायला बसणार कोण आणि कोणाशी? सौद्याचा खर्चच नुकसानीपेक्षा मोठा होतो, हे कोस यांनाही ठाऊक होते.

तरीही पिगूंची कल्पना बरीच वर्षे पाठ्यपुस्तकातच राहिली, कारण प्रत्यक्षात दोन अडचणी होत्या. नुकसानीचा आकडा कोण काढणार? आणि चिमणीतून किती बाहेर पडते ते मोजणार कसे? या दोन्हींना सरळ भिडलेले उदाहरण स्वीडनचे आहे, आणि मला ते या विषयातले सर्वांत शिकवणारे वाटते.

स्वीडनला आम्लवर्षेने छळले होते. तळ्यांतले पाणी आम्ल होत होते, आणि त्यामागचे एक कारण होते नायट्रोजन ऑक्साइड. हा वायू इंधनातल्या नायट्रोजनपासून होतोच, पण ज्वाला फार तापली आणि तिला हवा जास्त मिळाली की हवेतला नायट्रोजनही जळून तो तयार होतो. म्हणजे एकच इंधन जाळणाऱ्या दोन बॉयलरमधून तो वेगवेगळा निघू शकतो. ज्वाला कशी सांभाळली यावर ते ठरते. म्हणून इंधनावर कर लावून भागणार नव्हते. स्वीडनने १ जानेवारी १९९२पासून मोठ्या बॉयलरवर थेट आकार बसवला: बाहेर पडणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडच्या दर किलोमागे ४० क्रोनर.

हा आकडा तळ्यांतल्या माशांची किंमत काढून आलेला नव्हता. किती घट हवी ते आधी ठरले, आणि तेवढी घट करायला कारखान्यांना साधारण किती खर्च येईल याच्या अंदाजावरून दर बसवला. नुकसानीचा बिनचूक आकडा मिळेपर्यंत थांबायचे कारण नाही, लक्ष्य ठरवा आणि तिथवर नेणारा दर लावा, असे बॉमोल आणि ओट्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१मध्येच सुचवले होते. पिगूंच्या मूळ कल्पनेशी ही तडजोड आहे, पण राबवता येण्याजोगी.

मोजणीचा प्रश्न त्यांनी चतुराईने सोडवला. चिमणीत सतत मोजणारे यंत्र बसवायचे की नाही हे कारखान्याने ठरवायचे. नाही बसवले तर सरकार एक ठरावीक आकडा धरून बिल करणार, आणि तो आकडा मुद्दाम चढा ठेवलेला होता. यंत्र महाग होते, पण चढ्या आकड्यावर पैसे भरणे त्याहून महाग. मागे न लागताच बहुतेकांनी मीटर बसवले.

आता पैशांचे काय? इथे स्वीडनने पाठ्यपुस्तक सोडले. जमलेली जवळजवळ सगळी रक्कम त्याच कारखान्यांना परत मिळे. प्रशासनाचा किरकोळ खर्च तेवढा वजा होई. भिशीसारखे सगळ्यांनी टाकायचे आणि सगळ्यांनी घ्यायचे, फक्त टाकताना धुराच्या मापाने आणि घेताना तयार केलेल्या उपयुक्त ऊर्जेच्या मापाने. कारण व्यवहारी होते. मीटरचा खर्च लहान बॉयलरना परवडणारा नव्हता, म्हणून सुरुवातीला वर्षाला ५० गिगावॉट-तासांहून जास्त ऊर्जा देणाऱ्यांवरच आकार होता. नुसता कर लावला असता तर मोठ्यांचे काम लहानांकडे सरकले असते, आणि लहानांचा धूर कोणीच मोजत नव्हते. पुढे ही मर्यादा आधी ४० आणि मग २५ गिगावॉट-तासांवर आणली.

कागदावर हे कसे चालते ते दोन काल्पनिक कारखाने घेऊन पाहू. दोघेही सारखीच ऊर्जा देतात आणि वर्षाला १०० टन वायू सोडतात. पहिल्याला पहिले ३० टन कमी करायला किलोमागे १० क्रोनर पडतात, पुढच्या ३० टनांना ३० क्रोनर, त्यानंतर मात्र फार. दुसऱ्याचा बॉयलर असा की त्याला प्रत्येक किलो ९० क्रोनरला पडतो. सरकारने ‘दोघांनीही ३० टन कमी करा’ असा नियम केला तर पहिल्याचे ३ लाख आणि दुसऱ्याचे २७ लाख, मिळून ३० लाख क्रोनर खर्च होऊन ६० टन घटतील. आता नियमाऐवजी ४० क्रोनरचा आकार लावा. पहिला ६० टन कमी करेल, कारण आकार भरण्यापेक्षा ते स्वस्त. त्याचा खर्च १२ लाख. दुसरा काहीच कमी करणार नाही, मुकाट्याने आकार भरेल. घट तीच ६० टनांची, पण समाजाला ती ३० लाखांऐवजी १२ लाखांत मिळाली.

आणि परताव्यानंतर? पहिला उरलेल्या ४० टनांचे १६ लाख भरतो, दुसरा ४० लाख. जमलेल्या ५६ लाखांचे दोन सारखे वाटे झाले की प्रत्येकाला २८ लाख मिळतात. पहिल्याच्या हाती १२ लाख उरतात, म्हणजे त्याचा खर्च भरून निघतो. दुसऱ्याच्या खिशातून तेवढेच जातात. कोणाचा खर्च किती, हे सरकारला कळावे लागलेच नाही. नियम करणाऱ्या अधिकाऱ्याला हीच माहिती हवी असते, आणि कारखानदार ती त्याला कधीच खरी सांगत नाही.

प्रत्यक्षात जे झाले ते याहूनही मनोरंजक. १९९२मध्ये या बॉयलरमधून मेगावॉट-तासामागे सुमारे ०.४ किलो वायू निघत होता. काही वर्षांतच तो ०.२५च्या आसपास आला. काहींनी ज्वालेतून निघालेल्या तापलेल्या धुरात अमोनिया किंवा युरिया फवारण्याची यंत्रणा बसवली. पण घटीचा मोठा भाग नुसत्या हाताळणीतून आला. समोर आकडा दिसू लागल्यावर बॉयलर चालवणाऱ्यांनी हवेचे प्रमाण थोडे कमी करून पाहिले, ज्वाला थोडी थंड ठेवून पाहिली. जवळजवळ फुकटात होणारी ही घट आधी कोणी केली नव्हती, कारण आधी कोणी मोजतच नव्हते आणि मोजायचे कारणही नव्हते. हवा फार कमी केली तर मात्र कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि युरिया जास्त फवारला तर न वापरलेला अमोनिया चिमणीतून निसटतो. कर ज्या वायूवर आहे तोच कमी होतो; शेजारचा वाढतोय का ते वेगळे पाहावे लागते.

उणिवा आणखीही आहेत. परतावा मिळत असल्याने ऊर्जा महाग झाली नाही, आणि म्हणून लोकांनी ती जपून वापरण्याचे कारणही निर्माण झाले नाही. पिगूंच्या शुद्ध करात ते झाले असते. दर २००८मध्ये ५० क्रोनर होईपर्यंत सोळा वर्षे ४०वरच राहिला, म्हणजे महागाईने तो दरवर्षी झिजत होता. आणि सर्वांत मोठी गोष्ट: आपल्या दुसऱ्या कारखान्याच्या शेजाऱ्यांना काय मिळाले? काहीच नाही. आम्लवर्षा शेकडो किलोमीटरवर पसरते, त्यामुळे घट कुठल्या चिमणीतून झाली याला फार महत्त्व नव्हते. शिवाय स्वीडनमध्ये प्रत्येक कारखान्याला परवान्यातली मर्यादाही होतीच. पण राख गावावरच पडत असेल तर एकसारखा कर पुरत नाही. तिथे ‘याच्या पुढे नाही’ अशी रेघ लागतेच, आणि करवाद्यांनी हे कबूल करायला कचरू नये.

आपल्याकडे बहुतेक रेघाच आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र, त्यातली मर्यादा, ओलांडली की नोटीस, फार झाले तर बंदचा आदेश. मर्यादेच्या आत असलेल्याने आणखी कमी करावे याला कारण नाही, आणि बाहेर गेलेल्यावर कारखाना बंद करण्याइतकी जड कारवाई करायला कोणी धजत नाही. यंत्रे मात्र आहेत. केंद्रीय मंडळाने २०१४मध्येच जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना चिमणीवर सतत मोजणारी उपकरणे बसवायला सांगितले. त्यांच्या आकड्यावर बिल काढायचे तर आधी ती उपकरणे तिऱ्हाइताकडून नियमित तपासून घ्यावी लागतील, कारण ज्या आकड्याचे पैसे पडतात तो आकडा वाकवावासा वाटतोच.

आपल्याकडचा कराच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग कोळशावरचा. २०१०मध्ये टनामागे ५० रुपयांचा उपकर बसला, तो वाढत २०१६मध्ये ४०० झाला. एक टन भारतीय कोळसा जाळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे हा झाला त्या वायूच्या टनामागे अडीचशे-पावणेतीनशे रुपये. कार्बनसाठी हा पाया ठीक आहे, कारण कार्बन कोळशाच्या बरोबर चालतो. राखेसाठी आणि गंधकासाठी मात्र नाही. धूर धुऊन काढणारी कोट्यवधींची यंत्रणा बसवणारे वीजकेंद्र आणि काहीच न बसवणारे केंद्र, दोघेही टनामागे तेच ४०० रुपये भरत होते.

सप्टेंबर २०२५मध्ये तो उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. बदल हिशेबनिसाचा वाटतो, पण पाया बदलला. टनावरचा कर हलक्या, राखाड कोळशाला त्याच्या किमतीच्या मानाने जास्त झोंबत होता. टक्क्यांतला कर किमतीबरोबर चढतो: चांगल्या, महाग कोळशावर टनामागे जास्त, हलक्यावर कमी. शिवाय उष्णता तेवढीच काढायची तर हलका कोळसा जास्त जाळावा लागतो आणि राखही जास्त पडते. वीजकेंद्रांना तो स्वस्त झाला म्हणून वीज स्वस्त पडेल, हे खरे, आणि बदलाच्या बाजूने तेच सांगितले जाते. पण मँचेस्टरच्या मंडळाने धुण्याच्या खर्चात जे मोजले ते मोजण्याचा निदान अर्धवट का होईना एक आकडा आपल्या करात होता. आता कर कोळशाच्या भावावर आहे, आणि भाव काही धुराचा नाही.