राजगड उतरल्यावर लिहायच्या चार ओळी

गड उतरून गाडीत बसलं की दहा मिनिटांत सगळ्यांच्या हातात फोन येतो. फोटो निवडून झालेला असतो, खाली दोन-चार ओळी लिहायच्या असतात आणि तिथे गाडी अडते. अंग ठणकत असतं, मन मात्र अजून वाऱ्यावर असतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात आणि दोन्ही सांगाव्याशा वाटतात. पण लिहायला गेलं की बोटांतून भलतंच उतरतं: किती तासांत चढलो, किती किलोमीटर झाले, कुठे थांबलो नाही. सांगायचा असतो आनंद, आणि लिहिला जातो स्वतःच्या दमाचा दाखला. असं का होतं आणि त्यावाचून काय लिहिता येईल, याचा विचार मी राजगडाच्या निमित्ताने करतो आहे. हा गड मला त्यातल्या त्यात ओळखीचा आहे आणि माणसाला दमवण्याची कला त्याला फार चांगली अवगत आहे.

आम्ही मित्रमैत्रिणी गुंजवण्यातून चढलो आणि पाली दरवाज्याने उतरलो. गुंजवण्याची वाट आधी झाडीतून जाते, मग सोंडेवर उघडी पडते आणि शेवटी उभ्या कातळाशी येऊन थांबते. तिथे आता रेलिंग आहे. रेलिंगला धरून, पाय कुठे ठेवायचा ते बघत वर सरकायचं, आणि मग तटातला एक लहानसा दरवाजा. हा चोर दरवाजा. त्यातून वाकूनच आत जावं लागतं. आतल्या पायऱ्या चढून डोकं वर काढलं की एकदम पद्मावती माचीवर, तळ्याकाठी. सामान्य चालीने गुंजवण्यापासून इथपर्यंत दोन-अडीच तास लागतात, कुणाला तीन.

आता या वाटेवर माणूस नेमका कुठे दमतो ते बघा. शेवटच्या कातळावर, दरवाज्याच्या अगदी तोंडाशी. हा योगायोग नाही. ज्यांनी ही वाट ठेवली त्यांना वर येणारा माणूस इथे पोचेपर्यंत थकलेला, एकेकटा आणि दोन्ही हात गुंतलेला हवा होता. दरवाजा इतका बुटका की आत शिरणाऱ्याची मान आपोआप खाली जाते आणि वर उभा असलेला पहारेकरी त्याला सहज टिपू शकतो. बालेकिल्ल्याची चढण तर याहून कडक. ती उभी वाट चढून महादरवाज्यात पोचेपर्यंत बोलायला श्वास उरत नाही. संजीवनी माचीवर हाच विचार निराळ्या रूपात दिसतो. सुमारे अडीच किलोमीटर लांब असलेल्या या चिंचोळ्या माचीला दुहेरी तट आहे. बाहेरचा तट एखाद्याने ओलांडला तरी तो दोन भिंतींमधल्या अरुंद बोळात अडकतो आणि आत पुन्हा भिंत उभी असते. सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी असलेला हा गड आहे. 1665 च्या पुरंदरच्या तहात 23 किल्ले द्यावे लागले, तेव्हा महाराजांनी आपल्याकडे राखलेल्या 12 किल्ल्यांत राजगड होता. आग्र्याहून सुटल्यावर 1666 साली ते परतले तेही इथेच. अशा जागेची बांधणी करताना माणसाच्या फुप्फुसांचा आणि मांड्यांचा हिशेब केलेला असणारच.

एकदा हे ध्यानात आलं की थकव्याकडे पाहण्याची नजर बदलते. आपण दमलो म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीची एक योजना अजून चोख काम करते आहे. वरून दगड येत नव्हते, बाण येत नव्हते, पाठीवर ढाल नव्हती, आणि तरीही त्या कातळाने आपल्याला गप्प केलं. मग त्या चढाईला स्वतःच्या ताकदीचा पुरावा कसं म्हणायचं? ज्या गडाने आपलं काम केलं त्याचंच नाव वाक्यात पुढे यायला हवं.

म्हणून माझं मत असं झालं आहे की त्या चार ओळींत किती दमलो हे लिहूच नये. कुठे दमलो ते लिहावं. ‘खूप दमलो’ हे कुठल्याही डोंगराबद्दल लिहिता येतं आणि वाचणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. ‘चोर दरवाज्याच्या खालच्या कातळावर बोलणं बंद झालं’ असं लिहिलं की गड डोळ्यांसमोर उभा राहतो, थकवाही कळतो आणि लिहिणाऱ्याने छाती फुगवलेली नसते. जागेचं नाव घेतलं की मोठेपणा आपोआप त्या जागेकडे जातो.

आकड्यांचं मात्र तसं नाही. तास आणि किलोमीटर वाईट असं मी म्हणत नाही. पुढे जाणाऱ्याला वाटेचा अंदाज द्यायचा असेल तर ते उपयोगाचे आहेत, आणि मग सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याला लागलेला वेळ द्यावा, कारण त्यावरच कुणाला तरी आपली परतीची वेळ बांधायची असते. पण फोटोखाली येणारा आकडा बहुधा सगळ्यांत वेगवान माणसाचा असतो. त्याला ‘फक्त’ जोडलेलं असतं, किंवा ‘एकदाही न बसता’. आणि याहून घातक एक शब्द आहे: ‘सोपा’. पावसाळ्यात त्या कातळावर शेवाळ असतं, सुटीच्या दिवशी रेलिंगपाशी चढणारे आणि उतरणारे एकमेकांत अडकतात, आणि ‘सोपा आहे’ एवढंच वाचून गुळगुळीत तळव्याचे बूट घालून आलेला माणूस तिथे मध्येच थिजतो. मागे सरता येत नाही, पुढे पाय उचलत नाही, आणि खाली रांग लागलेली असते. असा माणूस मी तिथे पाहिला आहे. मागच्या एका अनोळखी मुलाने त्याचा पाय हाताने धरून एकेका खोबणीत ठेवला, तेव्हा तो वर गेला. स्वतःची तयारी दाखवण्यासाठी गडाला सोपं म्हणणं ही मला न पटणारी गोष्ट आहे.

अंग दुखण्यावरून तर कुणाच्या तयारीचं मोजमाप करूच नये. चढताना दम लागतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे पाय दुखतात ते मुख्यतः उतरण्याने. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू शरीराचा भार पेलत पेलत लांबतो, प्रत्येक पायरीवर ब्रेक लावल्यासारखं काम करतो, आणि त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. ते दुखणं एक-दोन दिवसांनी शिखराला पोचतं आणि मग ओसरतं. सपाटीवर रोज पळणारा माणूसही उताराची सवय नसेल तर दोन दिवस जिन्याचा कठडा धरून उतरतो. पाली दरवाज्याची वाट रुंद, बांधीव पायऱ्यांची आणि चोर दरवाज्यापेक्षा कितीतरी सौम्य, तरी पायथ्याशी पोचेपर्यंत आमच्यातल्या सगळ्यांचेच पाय थरथरत होते. त्यात जो रोज व्यायामशाळेत जातो तोही होता आणि जिने वर्षभर डोंगर पाहिला नव्हता तीही होती.

ती मागे होती. सगळ्या वाटेवर सगळ्यांत मागे, आणि आमच्यातला एक जण कायम तिच्या मागे. आपल्याकडच्या जुन्या भटक्यांनी घालून दिलेली ही रीत आहे: अनुभवी माणसाने शेवटी चालायचं, औषधाची पिशवी त्याच्याकडे ठेवायची, आणि सगळ्या तुकडीची चाल सावकाश चालणाऱ्याने ठरवायची. पुढच्यांनी थांबायचं, आणि मागचा आला की लगेच उठायचं नाही, कारण त्यालाही बसायला मिळायला हवं. ही शेवटची गोष्ट फार जण विसरतात. पुढचे दहा मिनिटं बसून ताजेतवाने होतात, मागचा धापा टाकत पोचतो आणि ‘चला’ म्हणून सगळे उठतात. दिवसभर विश्रांतीविना चालतो तो एकटाच.

फोटोखालच्या ओळी सर्वांत आधी तीच वाचणार असते. हा विचार माझ्या मनात आला तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं. आपण म्हणतो की लोकांसाठी लिहितो आहोत, पण लोक अंगठा दाखवून पुढे जातात. ज्यांच्याबरोबर चढलो ते मात्र प्रत्येक शब्द वाचतात. ‘दोन तासांत’ असं लिहिलं तर तिला कळतं की आपले तीन तास हिशेबातून वगळले. ‘न थांबता’ लिहिलं तर तिच्यासाठी थांबलेली प्रत्येक सावली खोटी ठरते. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसाचा आनंद त्याच थांबण्यांत होता. एका झाडाखाली शेंगदाण्याची पुडी फिरली, कुणीतरी कुणाची तरी नक्कल केली, समोर तोरणा ढगातून निघाला. धावत वर गेलो असतो तर यातलं काहीच मिळालं नसतं.

आणखी काही जणी हे वाचत नसतील, पण त्यांची आठवण ठेवून लिहावं असं मला वाटतं. गुंजवण्याच्या वाटेवर ताक आणि लिंबूसरबत घेऊन बसणाऱ्या बाया. ज्या वाटेने आपण पाण्याची एक बाटली घेऊन धापा टाकत जातो, त्याच वाटेने त्या पहाटे ताकाची कळशी घेऊन वर येतात आणि संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. त्यांच्यातल्या एका मावशीने आमच्या मैत्रिणीला ताक दिलं, पैसे घेण्याआधी बसवलं आणि म्हणाली, ‘‘बस गं बाई, गड कुठं पळून चाललाय?’’ आम्हाला तिचा फोटो काढावासा वाटला. तिने पदर सारखा केला आणि नको म्हणाली, म्हणून काढला नाही. पण ओळींमध्ये ताकाचा उल्लेख यायलाच हवा होता.

गाडीत पहिल्यांदा आमच्यातल्या एकाने लिहिलं होतं: ‘राजगड! चोर दरवाज्याने चढाई, फक्त दोन तासांत.’ त्याने स्वतःच ते पुसलं. मग सगळ्यांनी मिळून लिहिलं: ‘गुंजवण्यातून वर, पालीने खाली. चोर दरवाज्याच्या कातळावर सगळ्यांचं बोलणं बंद, पद्मावती तळं दिसल्यावर जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. मावशींच्या ताकाला तोड नाही. उद्या जिना उतरताना प्रत्येक पायरीला राजगड आठवेल.’

टाकण्याआधी फोन मागच्या सीटवर तिच्याकडे दिला. तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, ‘‘सगळ्यांचं कुठे? कातळावर मी एकटीच बोलत होते. भीती वाटली की मला गप्प बसवत नाही. तुम्ही सगळे चूप होतात, मीच खाली बघू नका, खाली बघू नका, म्हणून ओरडत होते.’’ ते अगदी खरं होतं. तिच्या त्या ओरडण्यावरच आम्ही एकेक खोबण पार केली होती. मग ती ओळ तिनेच बदलली: ‘चोर दरवाज्याच्या कातळावर एक जण सोडून सगळ्यांचं बोलणं बंद’, आणि त्या एका जणीचं नाव आम्ही शेजारी लिहिलं.